ऑनलाइन व्हिसा फॉर्म: सेशन संपलं, फाइल चढेना आणि "पूर्वी व्हिसा नाकारला होता का?" (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालची उदाहरणं मुख्यतः अमेरिकेचा DS-160, कॅनडाचा IMM 5257 आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियाचे ऑनलाइन अर्ज यांतली आहेत. बाकीच्या देशांचे फॉर्म दिसायला वेगळे असले तरी अडकायच्या जागा बहुतेक याच असतात. आकडे किंवा बटणं बदललेली दिसली तर पडद्यावर जे लिहिलंय तेच खरं धरा.

फॉर्म उघडण्याआधी काय हाताशी हवं?

पासपोर्ट तर हवाच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधी कुठल्याही देशाला दिलेल्या अर्जांच्या प्रती. व्हिसा अधिकाऱ्यापुढे तुमचा आजचा फॉर्म एकटा नसतो, जुने फॉर्मही असू शकतात. मागच्या वेळी नोकरीची सुरुवात जून लिहिली आणि आता ऑगस्ट लिहिली, तर दोन्हींपैकी खरी कुठली हा प्रश्न उभा राहतो, आणि तो तुमच्या गैरहजेरीत उभा राहतो.

म्हणून उत्तरं आधी एका साध्या फाइलमध्ये लिहून घ्या: पत्ते, नोकऱ्यांच्या तारखा, प्रवासाचा तपशील, आईवडिलांच्या जन्मतारखा. मग फॉर्ममध्ये ती नुसती उतरवायची. सेशन संपण्याची निम्मी भीती इथेच जाते, कारण पडद्यासमोर बसून आठवत राहण्याची वेळच येत नाही.

मी तर टाइप करत होतो, तरी सेशन कसं संपलं?

कारण तुमचं टाइप करणं सर्व्हरला दिसतच नाही. रकान्यात लिहिलेला मजकूर पान पुढे जाईपर्यंत किंवा सेव्ह होईपर्यंत फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये असतो. सर्व्हरच्या हिशेबात तुम्ही शेवटचं बटण दाबलंत तेव्हापासून शांतता आहे. DS-160 मध्ये ही मुदत साधारण २० मिनिटांची. पूर्वीच्या नोकऱ्यांचं पान भरताना एखादा माणूस पत्ता शोधायला उठला, की ही वीस मिनिटं सहज जातात.

उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे: पान अर्धं भरलं तरी `Save` दाबायचं. काही रकाने सक्तीचे असतील तर पान अर्धवट सेव्ह होत नाही, चुका लाल अक्षरांत दाखवतं. अशा वेळी आधी सक्तीचे रकाने भरून सेव्ह करा आणि लांबलचक उत्तरं नंतर चिकटवा.

सेशन संपल्यावर परत कसं जायचं?

ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबू नका. जुनं पान दिसेल, त्यात तुमचा मजकूरही दिसेल, आणि तुम्हाला वाटेल सगळं शाबूत आहे. पण त्या पानामागचं सेशन मेलेलं असतं. हाताने लिहिलेला एखादा मोठा परिच्छेद त्यात दिसत असेल तर तेवढा कॉपी करून घ्या आणि पान बंद करा.

मग रीतसर परत या. DS-160 साठी `AA` ने सुरू होणारा Application ID लागतो. त्याच्यासोबत आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि सुरुवातीला निवडलेल्या सुरक्षा प्रश्नाचं उत्तरही द्यावं लागतं. हा नंबर पहिल्याच पानावर मिळतो आणि लोक तो लिहून न घेताच पुढे जातात. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर तर हमखास विसरतात, कारण तेव्हा ते गंमत म्हणून काहीतरी लिहितात. दोन्ही गोष्टी त्याच क्षणी कागदावर उतरवा.

अर्धवट DS-160 त्या साइटवर ३० दिवस राहतो. त्याहून जास्त काळ लागणार असेल तर `Save Application to File` वापरून फाइल आपल्या संगणकावर घ्या आणि नंतर तीच पुन्हा चढवा. कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी खातं उघडावं लागतं आणि मसुदा त्या खात्यात राहतो. ब्रिटनचा फॉर्म ईमेलवर दुवा पाठवतो, त्यावरून परत येता येतं.

परत आल्यावर शेवटचं भरलेलं पान आणि त्याच्या आधीचं पान, दोन्ही उघडून वाचा. हरवतं ते बहुधा शेवटचं पानच. पण कधी ड्रॉपडाउनमधली निवड पूर्ववत होऊन यादीतल्या पहिल्या नावावर येऊन बसलेली असते, आणि ती चूक डोळ्यांना सहज दिसत नाही.

घरातल्या चौघांचे फॉर्म चार टॅबमध्ये उघडून एकत्र भरले तर?

नको. एकाच ब्राउझरचे टॅब बऱ्याचदा एकच सेशन वाटून घेतात. दुसऱ्या टॅबमध्ये मुलाचा अर्ज उघडलात की पहिल्या टॅबमधलं सेव्ह कुणाच्या अर्जात जाईल याची खात्री उरत नाही. एक अर्ज संपवा, बाहेर पडा, मग दुसरा उघडा.

पैसे भरताना पान अडकलं. पुन्हा भरू का?

लगेच नाही. आधी खात्यातून रक्कम गेली का ते बघा, मग ईमेल बघा, मग पुन्हा लॉग इन करून अर्जाची स्थिती बघा. रक्कम गेली पण स्थिती बदलली नाही, असं काही तास राहू शकतं. व्यवहार क्रमांक आणि पडद्याचा फोटो ठेवा. घाईने दुसऱ्यांदा पैसे भरले की परताव्याचा पत्रव्यवहार तुमच्या मागे लागतो.

फोटो "स्वीकारता येत नाही" असं येतं. काय चुकतंय?

DS-160 ला चौरस जेपीईजी फोटो लागतो, बाजू ६०० ते १२०० पिक्सेल आणि फाइल २४० केबीच्या आत. बहुतेक वेळा यातलीच एखादी अट मोडलेली असते. फोनवरचा फोटो मोठा असतो, शिवाय काही फोन तो `.heic` प्रकारात ठेवतात. फाइलचं नाव बदलून `.jpg` केलं म्हणजे आतला प्रकार बदलत नाही. फोटो एखाद्या ॲपमध्ये उघडून जेपीईजी म्हणून नव्याने साठवावा लागतो. चौरस करायला फोटो कापा, ताणू नका. ताणलेला चेहरा यंत्राच्या तपासणीतून कधी निसटतो, पण माणसाच्या नजरेतून निसटत नाही.

इतकं करूनही चढला नाही तर DS-160 पुढे जाऊ देतो. अंतिम पुष्टीपानावर फोटोच्या चौकटीत फुली येते. तसं असेल तर छापील फोटो सोबत नेण्याबद्दल त्या वकिलातीच्या सूचना वाचा. फुली म्हणजे अर्ज बाद झाला असं नाही.

पीडीएफ चढत नाही, किंवा चढली म्हणते आणि नंतर कोरी दिसते.

तीन कारणं पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिलं, आकार. कॅनडाच्या खात्यात एका फाइलला ४ एमबी, ऑस्ट्रेलियाच्या `ImmiAccount` मध्ये ५ एमबी अशी मर्यादा आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की त्यात जवळपास ८७ लाख पिक्सेल असतात. तेच १५० डीपीआयला केलं तर पिक्सेल एक चतुर्थांश होतात आणि छापील मजकूर तरीही वाचता येतो. म्हणून बँकेचं विवरण १५० ला, करड्या छटेत चालतं. पासपोर्टचं पान आणि शिक्के मात्र रंगीत आणि जरा जास्त डीपीआयला ठेवा. आधी मोठी फाइल करून मग ती दाबून लहान करणाऱ्या साइटवर टाकण्यापेक्षा स्कॅन करतानाच आकार आवरलेला बरा. शिवाय पासपोर्टची प्रत कुठल्यातरी अनोळखी साइटवर चढवण्यात शहाणपण नाही.

दुसरं, पासवर्ड. बँकांची विवरणं बऱ्याचदा पासवर्डसह येतात. तुमच्या संगणकावर ती उघडते, अधिकाऱ्याकडे उघडणार नाही. पासवर्ड देऊन उघडा आणि छपाईच्या पर्यायातून नवी पीडीएफ बनवा.

तिसरं, फाइलचं नाव. देवनागरी अक्षरं, कंस, टिंबं, लांबलचक नावं यांवर काही यंत्रणा अडतात आणि कारण सांगत नाहीत. `passport_main.pdf` सारखं साधं नाव द्या.

चढवून झालं की तिथेच फाइल उघडून शेवटचं पान बघा. "यशस्वी" हा शब्द फक्त फाइल पोचल्याचं सांगतो, ती वाचता येते असं नाही.

कॅनडाच्या पीडीएफ फॉर्मची एक वेगळी गंमत आहे. तो ब्राउझरमध्ये उघडला की फक्त `Please wait...` दिसतं आणि कितीही थांबलात तरी तेच दिसतं. फॉर्म बिघडलेला नसतो. तो संगणकावर उतरवून अडोबी रीडरमध्ये उघडायचा असतो. भरून झाल्यावर `Validate` दाबलं की राहिलेले रकाने तो दाखवतो.

पासपोर्टवर आडनावच नाही. त्या रकान्यात काय लिहू?

DS-160 मध्ये एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात `FNU`, म्हणजे First Name Unknown. दुसऱ्या देशांच्या सूचना वेगळ्या असतात, म्हणून हाच तोडगा सगळीकडे चालवू नका. वडिलांचं नाव आडनाव म्हणून घालणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण मग फॉर्म आणि पासपोर्ट दोन वेगळ्या माणसांचे दिसतात.

"पूर्वी व्हिसा नाकारला होता का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

आधी प्रश्न पूर्ण वाचायचा. ऐकून-ऐकून आपण गृहीत धरतो की सगळीकडे एकच प्रश्न आहे. तसं नाही.

DS-160 विचारतो ते अमेरिकेबद्दल: अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेला का, प्रवेश नाकारला गेला का, किंवा प्रवेशद्वारावर तुम्ही प्रवेशाची विनंती मागे घेतली का. कॅनडाचा प्रश्न कितीतरी रुंद आहे: कॅनडाने किंवा अन्य कुठल्याही देशाने व्हिसा वा परमिट नाकारलं का, प्रवेश नाकारला का, देश सोडण्याचा आदेश दिला का. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाही इतर देशांबद्दल विचारतात, आणि ऑस्ट्रेलिया नाकारण्यासोबत रद्द झालेल्या व्हिसाबद्दलही विचारतो.

म्हणजे ज्याला फक्त एका युरोपीय देशाने नाकारलंय तो DS-160 मधल्या या प्रश्नाला खरेपणाने "नाही" म्हणेल आणि कॅनडाच्या प्रश्नाला तितक्याच खरेपणाने "हो". दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्नात "कधीही" असेल तर दहा वर्षांपूर्वीचा नकारही मोजायचा, आणि लहानपणी आईवडिलांनी केलेल्या अर्जावरचाही. पासपोर्ट बदलला म्हणून इतिहास बदलत नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात बोटांच्या ठशांची माहिती तपासून घेण्याची व्यवस्था आहे, त्यामुळे "त्यांना कसं कळणार" हा विचार मुळातच चुकीच्या गृहीतकावर उभा आहे.

नकार नेमका कशाला म्हणायचं? माझ्या बाबतीत नक्की कळत नाही.

निर्णयपत्र काढा आणि त्यातलं क्रियापद बघा. नाकारलं असं लिहिलंय, की परत केलं, की मागे घेतलं?

अमेरिकेच्या मुलाखतीत त्यांच्या इमिग्रेशन कायद्याचं 214(b) हे कलम लिहिलेलं पत्रक मिळालं असेल तर तो सरळ नकार. त्याच कायद्याच्या 221(g) या कलमावर मात्र लोक हमखास घसरतात. अधिकारी सांगतो की अमुक कागद आणून द्या, तुम्ही देता, काही आठवड्यांनी व्हिसा येतो. मग आपल्याला वाटतं, कसला नकार, व्हिसा तर मिळाला! पण कायद्याच्या भाषेत 221(g) हाही नकारच असतो, नंतर तो ओलांडला गेला तरी. विचारलं तर "हो" म्हणायचं आणि पुढे व्हिसा मिळाल्याचं लिहायचं. अशा "हो"ने सहसा कुणाचं नुकसान होत नाही. नोंद असताना लिहिलेल्या "नाही"ने होऊ शकतं.

निर्णय होण्याआधी तुम्ही स्वतः अर्ज मागे घेतला असेल तर तो नकार नव्हे. अपुरा म्हणून, तपासणीविनाच परत आलेला अर्जही नव्हे. पण प्रश्नात मागे घेण्याचा उल्लेख असेल तर तो सांगावा लागतो. व्हिसा असूनही विमानतळावरून परत पाठवलं असेल तर ते प्रवेश नाकारणं, आणि बहुतेक फॉर्म तेही विचारतात.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा एका बाईंचा इतिहास असा आहे. मे २०१७ मध्ये अमेरिकेचा पर्यटक व्हिसा 214(b) खाली नाकारला. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा अर्ज, 221(g) चं पत्रक, कागद दिल्यावर सप्टेंबरमध्ये व्हिसा. २०२२ मध्ये ब्रिटनचा अर्ज भरला, पण कार्यक्रम रद्द झाल्याने बोटांचे ठसे देण्याआधीच मागे घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेंगेन व्हिसा नाकारला, नव्या अर्जावर जूनमध्ये मिळाला. आता त्यांना कॅनडाला जायचंय.

कॅनडाच्या प्रश्नाला उत्तर "हो". त्यात मोजायचे नकार तीन: २०१७, २०१९ आणि २०२४. ब्रिटनचा अर्ज नकारांत धरायचा नाही. मात्र सोबतच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ लिहावी असं मी सुचवेन, म्हणजे कुणी तो शोधून काढला तरी लपवल्यासारखा दिसणार नाही.

स्पष्टीकरणाचा रकाना छोटा असतो. त्यात कहाणी लिहायची नसते, नोंदी लिहायच्या असतात:

```
1. USA, B1/B2: refused May 2017, section 214(b).
2. USA, B1/B2: refused Aug 2019, section 221(g),
   documents requested; visa issued Sept 2019.
3. Schengen type C: refused Feb 2024;
   new application approved June 2024.
Details and copies in attached letter.
```

बाकी सगळं पत्रात. प्रत्येक नकाराला दोन-तीन वाक्यं पुरतात: काय कारण दिलं होतं, त्यानंतर काय बदललं, कुठला कागद जोडलाय. शेंगेनच्या नकारासोबत कारणांवर खुणा केलेला ठरावीक नमुन्याचा कागद मिळतो, त्याची प्रत जोडा. अधिकाऱ्याचं चुकलं कसं, हे पटवण्यात पान खर्च करू नका.

याच बाई पुढे अमेरिकेच्या व्हिसासाठी DS-160 भरतील तेव्हाही उत्तर "हो"च, पण नोंदी फक्त २०१७ आणि २०१९ च्या. शेंगेनचा नकार तिथे या प्रश्नात येत नाही. मुलाखतीत थेट विचारलं तर अर्थातच सांगायचा.

तारीख आठवत नाही आणि पत्रही हरवलंय.

जुना ईमेल, पैसे भरल्याची नोंद, जुन्या पासपोर्टवरचा शिक्का यांतून महिना तरी निघतो. तोही निघाला नाही तर वर्ष लिहा आणि स्पष्टीकरणात `approximately` म्हणा. नेमकी वाटणारी पण रचलेली तारीख देऊ नका. ब्रिटनच्या बाबतीत त्यांच्या गृहखात्याकडे स्वतःची माहिती मागवता येते, पण त्याला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात ती सुचू नये.

मागच्या अर्जात मी "नाही" लिहिलं होतं, आणि ते चूक होतं. आता?

या वेळी खरं लिहा आणि मागचं उत्तर चुकीचं होतं हेही लिहा, कसं झालं ते थोडक्यात. जुनी चूक जुळवून घ्यायला पुन्हा "नाही" लिहिणं म्हणजे जी कदाचित गफलत होती तिला हेतू जोडणं.

अर्जावर अजून निर्णय झाला नसेल तर दुरुस्ती आत्ताच करा. ऑस्ट्रेलियासाठी चुकीची उत्तरं कळवायचा फॉर्म 1023 आहे. कॅनडाला त्यांच्या वेबफॉर्ममधून कळवता येतं. अमेरिकेसाठी नवा DS-160 भरायचा, किंवा मुलाखतीत प्रश्न सुरू होण्याआधीच आपणहून सांगायचं.

परिणाम गंभीर असतात म्हणून हे इतकं लांबवतोय. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा ५ वर्षं, ऑस्ट्रेलिया साधारण ३ वर्षं, ब्रिटन १० वर्षांपर्यंत दार बंद ठेवू शकतो. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाचा ठपका कायमचा असतो आणि विशेष सूट मिळाल्याशिवाय उतरत नाही. प्रकरण असं पोचलं असेल किंवा तसं पत्र हातात असेल, तर त्या देशाच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. फॉर्म भरून देणाऱ्याचं हे काम नाही.

फॉर्म एजंटने भरला. चूक त्याची, मग मला काय?

सही तुमची असते. DS-160 तर विचारतोच की फॉर्म भरायला कुणी मदत केली का, आणि शेवटचं सही करून पाठवायचं बटण अर्जदाराने स्वतः दाबायचं असतं, थोडे अपवाद सोडून. एजंटकडून भरून घेतलात तरी पाठवण्याआधी संपूर्ण फॉर्मची पीडीएफ मागा आणि घोषणांचं पान शब्द न शब्द वाचा. बरेच जण घोषणांना एकामागून एक "नाही" देत सुटतात, कारण बहुतेकांची उत्तरं खरंच "नाही" असतात. नकाराचा प्रश्न कधी त्याच रांगेत असतो, कधी प्रवासाच्या इतिहासात लपलेला असतो.

पाठवल्यावर चूक दिसली. बदलता येईल का?

पाठवलेला DS-160 बदलत नाही. पण जुन्या Application ID वरून त्यातली बरीच माहिती नव्या अर्जात आणता येते. चूक सुधारा, पुन्हा पाठवा आणि नवा पुष्टीक्रमांक भेटीच्या नोंदणीत बदलून घ्या. जुना क्रमांक तसाच राहिला तर मुलाखतीला अधिकारी चुकीचाच फॉर्म उघडेल. नवी पुष्टीपानं छापा आणि जुनी बाजूला काढा, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये नेऊ नका.